एका वर्षाची विश्रांती, कॉलेज न सोडता: नाशिकच्या एका इंजिनिअरिंग विद्यार्थिनीचं प्रकरण

मी नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक असतो, त्याला आम्ही जीएफएम म्हणतो. मुलाच्या हजेरीपासून घरच्या अडचणीपर्यंत सगळं आधी त्याच्याकडे येतं. हे प्रकरण माझ्या गटातल्या एका मुलीचं आहे. तिचं नाव इथे सायली ठेवलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

पार्श्वभूमी

सायली दिंडोरी तालुक्यातली. घरी चार एकर द्राक्षबाग. बागेचं सगळं वडील बघायचे, म्हणजे अण्णा. आई त्यांच्या जोडीला, आणि धाकटा भाऊ नुकताच दहावीत गेलेला. सायलीला कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. 2023-24 मध्ये तिने एफई म्हणजे पहिलं वर्ष केलं. रोज एसटीने निमाणीपर्यंत यायची आणि तिथून सिटी बसने कॉलेजात.

जून 2024 मध्ये अण्णांची बायपास झाली. डॉक्टरांनी सहा महिने जड काम, उन्हातली फिरती आणि औषध फवारणी बंद सांगितली. त्याच सुमारास एफईचा निकाल लागला. एम-टू म्हणजे गणिताचा दुसरा पेपर आणि मेकॅनिक्स हे दोन विषय राहिले होते. एसईला म्हणजे दुसऱ्या वर्षाला जाण्यासाठी एफईचे निम्मे क्रेडिट लागतात, तेवढे तिच्याकडे होते. म्हणजे निकालाने तिची वाट अडवलेली नव्हती.

अडचण

द्राक्षाचं काम ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, मजूर लावले की झालं. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, त्या हात चालवतात. पण छाटणी कोणत्या दिवशी धरायची, पाऊस झाला तर पहाटे कोणतं औषध मारायचं, जीए या संजीवकात घड बुडवायचे, म्हणजे डिपिंग, ते आज की परवा, हे घरच्या माणसालाच ठरवावं लागतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पहिले दीड महिने केवडा रोगाची धास्ती असते. ढगाळ हवेत दोन दिवस दुर्लक्ष झालं तर घडच जातात. तिथून माल उतरेपर्यंत साधारण चार महिने. आणि याच काळात आमचं पहिलं सेमिस्टर संपतं, परीक्षा होतात आणि दुसरं सेमिस्टर सुरू होतं.

बागेवर पीककर्ज होतं. एक हंगाम बाग तशीच सोडणं त्या घराला परवडणारं नव्हतं. सायली बागेत लहानपणापासून वावरलेली, फवारणीची वही तीच लिहायची. म्हणून घरात कुणी तसं म्हणायच्या आधीच तिने ठरवलं होतं की हे वर्ष आपण घरी थांबायचं. माझ्याकडे ती ते विचारायला आली नव्हती. "मॅडम, टीसी कधी मिळेल?" एवढंच तिने विचारलं.

समोर असलेले पर्याय

टीसी मागण्याचा सल्ला तिला कॉलेजच्या खिडकीवरच मिळाला होता. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वर्षभर येणार नसशील तर प्रवेश रद्द कर, पुढच्या वर्षी बघू, असा सरळ हिशेब होता. पण टीसी घेतली की कॅपमधून मिळालेली जागा सुटते. पुढच्या वर्षी परत यायचं तर जागा रिकामी असेल तरच, आणि तेही नव्याने. जुलै 2024 मध्ये शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झालेला असेल तर, शंभर टक्के शुल्कमाफी जाहीर केली होती. सायली त्या अटींत बसत होती. टीसी घेतली असती तर जागेबरोबर ही माफीही हातची गेली असती.

दुसरा पर्याय तिच्या काकांचा. एसईला प्रवेश घेऊन ठेव, फी माफच आहे, जमेल तेव्हा जा, परीक्षा दे. हा मला सगळ्यात धोक्याचा वाटला, कारण तो सोपा दिसतो. विद्यापीठाची हजेरीची अट 75 टक्क्यांची आहे. ती पुरी झाली नाही तर टर्म ग्रँट होत नाही, आणि टर्म नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष वाया जातं, वर नोंद अशी राहते की मुलगी शिकत होती आणि तिला जमलं नाही. शिवाय महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या वर्षाची सवलत एकदा घेतली की तेच वर्ष पुन्हा करताना ती मिळत नाही. "फुकट मिळतंय ते का सोडायचं?" असं काका म्हणत होते. पण न शिकलेल्या वर्षावर ती माफी खर्ची पडली असती.

एक सेमिस्टर करून मग थांबावं का, याचाही विचार झाला. तो लगेच सोडला, कारण छाटणी नेमकी पहिल्या सेमिस्टरच्या मध्यात येत होती. मुक्त विद्यापीठाचाही विषय निघाला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, घरी राहून पदवी होऊ शकते. पण तिला इंजिनिअरिंगच करायचं होतं आणि अडचण एका हंगामाची होती. एका हंगामासाठी आयुष्याची दिशा बदलायचं कारण मला दिसलं नाही. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं.

राहिला तो मार्ग आम्ही घेतला. एसईचा प्रवेश घेण्याआधीच एक वर्ष खंडाची लेखी परवानगी मागायची, टीसी न घेता, मूळ कागदपत्रं आणि पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक तसेच ठेवून. यात "आधीच" हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवेश घेतल्यावर थांबलं तर फी, शिष्यवृत्ती आणि हजेरी या तिन्हींचा गुंता होतो. प्रवेश घेण्याआधी थांबलं तर तो साधा गॅप असतो.

अर्ज

संलग्न कॉलेजात या कामासाठी तयार छापील फॉर्म बहुधा नसतो. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत साधा अर्ज करायचा असतो. सायलीने लिहून आणलेला पहिला अर्ज चार ओळींचा होता. "घरगुती अडचणीमुळे मी या वर्षी कॉलेजला येऊ शकत नाही, तरी कृपया सहकार्य करावे." असा अर्ज वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. अडचण काय, किती दिवसांची, आणि परवानगी नेमकी कशाची हवी आहे, यातलं काहीच त्यात नव्हतं.

आम्ही तो पुन्हा लिहिला. पहिल्या परिच्छेदात मागणी: शैक्षणिक वर्ष 2024-25 मध्ये एसईला प्रवेश न घेता 2025-26 मध्ये त्याच शाखेत नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळावा, आणि मधल्या वर्षात एफईचे राहिलेले दोन विषय देण्याची मुभा असावी. दुसऱ्यात कारण, तारखांसह. डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं. बाग कुटुंबाचीच आहे हे दिसावं म्हणून सातबारा जोडला. भाऊ दहावीत आहे याचं बोनाफाईडही जोडलं, कारण "घरात दुसरं कुणी नाही का?" हा प्रश्न येणारच होता.

तिसरा परिच्छेद परतीचा. त्यावर आम्ही तिघांनी, म्हणजे सायली, अण्णा आणि मी, एक अख्खी दुपार घालवली. मी त्यांच्या घरी गेले होते. अण्णा खाटेवर उशीला टेकून बसलेले, समोर फवारणीची वही. मी विचारलं, "अण्णा, पुढच्या जूनमध्ये ही परत आली तर ऑक्टोबरमध्ये छाटणीचं कोण बघणार?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तोवर मी उभा राहीन ना." मी म्हटलं, राहालच, पण नाही राहिलात तर? त्या प्रश्नावर सायलीची आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मोहाडीचा माझा भाचा आहे. त्याला वर्षावर ठेवू. पण या वर्षी त्याला हिच्या हाताखाली शिकू दे."

अर्जात हेच लिहिलं. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरेल. नात्यातला एक मुलगा ऑक्टोबरपासून बागेत काम शिकेल आणि पुढच्या हंगामात जबाबदारी घेईल. एप्रिलची खरड छाटणी तो सायलीच्या देखरेखीखाली स्वतः करून घेईल, आणि 1 मे रोजी घरचे लेखी कळवतील की परतीचं नक्की आहे की नाही. तिच्या जागी काम करणारा माणूस ठरला नसता तर परतीचा परिच्छेद नुसता मनोदय ठरला असता. मी असे अर्ज याआधीही पाहिले आहेत. न परतलेल्या मुलांच्या घरी नेमकं हेच बोलणं झालेलं नव्हतं.

प्राचार्यांनी अर्ज वाचून तोंडी "ठीक आहे, ये पुढच्या वर्षी" म्हटलं. सायली आनंदाने निघाली होती, मी तिला थांबवलं. अर्जाची दुसरी प्रत आवक विभागात देऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. आठ दिवसांनी लेखी उत्तर मिळालं. त्यात एक वाक्य होतं: "पुनर्प्रवेश त्या वेळच्या विद्यापीठ नियमांनुसार राहील." मी ते वाचलं आणि पुढे गेले.

माझी चूक: पॅटर्न

ऑगस्टमध्ये नव्या एफईच्या पहिल्या तासाला उभी राहिले आणि लख्खकन लक्षात आलं. नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा 2024 पॅटर्न, म्हणजे नवा अभ्यासक्रम, त्या वर्षी एफईपासून सुरू झाला होता. दरवर्षी तो एक वर्ग वर सरकणार. सायलीची तुकडी 2019 पॅटर्नची शेवटची. ती 2025-26 मध्ये एसईला येईल तेव्हा एसईसुद्धा नव्या पॅटर्नचं झालेलं असेल. "त्या वेळचे नियम" याचा अर्थ हा होता.

त्याच दिवशी मी तिला फोन केला. खंड मागे घ्यावा का, यावर आम्ही पुन्हा बोललो. प्रवेशाची मुदत अजून गेली नव्हती. विचार करताना एक गोष्ट स्पष्ट झाली, जी अशा कुणाही मुलाच्या उपयोगाची आहे. जुन्या पॅटर्नच्या शेवटच्या तुकडीत कधीही एक वर्ष मागे पडलं, मग ते खंडामुळे असो की वायडी लागल्यामुळे, म्हणजे नापास होऊन वर्ष गेल्यामुळे, तरी मूल नव्या पॅटर्नमध्येच जातं. सायली एसई करून थांबली असती तर टीईला म्हणजे तिसऱ्या वर्षाला हाच प्रश्न आला असता, आणि तेव्हा दोन वर्षांचे विषय जुने असते. थांबायचंच असेल तर एफईनंतर थांबणं त्यातल्या त्यात कमी तोट्याचं होतं. आणि हजेरी न भरता एसई रेटलं असतं तर वायडी लागून ती तिथेच पोहोचली असती. म्हणून निर्णय तोच राहिला. पण हे तिला जूनमध्ये माहीत असायला हवं होतं, ऑगस्टमध्ये नाही. ती चूक माझी.

एक फायदा मात्र झाला. फरक नेमका कुठे पडणार हे आधी कळलं. तिच्या एफईत प्रोग्रॅमिंगचा एकच विषय होता, पीपीएस, तोही पायथनमध्ये. नव्या एफईत सी भाषेचा वेगळा विषय आला. म्हणजे एसईला तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलांना पॉइंटर आणि स्ट्रक्चर माहीत असणार, तिला नाही. परतीच्या योजनेत आम्ही एक ओळ वाढवली: मार्च ते जून, सी.

वर्षभर

बागेचं फार सांगत नाही, ते तिचं आहे. हंगाम पार पडला एवढं पुरे. कॉलेजच्या बाजूने दोन गोष्टी बिघडल्या, त्या सांगायला हव्यात.

पहिली, परीक्षेचा फॉर्म. हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुटले तेव्हा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना आली. सायली तोवर त्या ग्रुपमध्ये नव्हती. तुकडी एसईला गेली, ग्रुप नवा झाला, आणि जी हजेरीपटावर नाही तिला कुणी घेतलं नाही. कार्यालयही अशा विद्यार्थ्याला शोधून कळवत नाही. एका मैत्रिणीने सहज बोलताना विषय काढला म्हणून तिला कळलं, आणि विलंब शुल्क भरून फॉर्म गेला. आणखी चार दिवस गेले असते तर ती संधी हुकली असती.

दुसरी गोष्ट तिच्या आणि माझ्या नियोजनाची. दोन्ही विषय हिवाळ्यातच सोडवायचे असं आम्ही उत्साहाने ठरवलं होतं. परीक्षा आली डिपिंगच्या दिवसांत. पहाटे चारला उठून फवारणी, दुपारी पेपर. मेकॅनिक्स सुटला, एम-टू गेला. तिला फार लागलं ते. फोनवर म्हणाली, "मॅडम, एवढं करूनही मी नापासच." मी तिला म्हटलं, गणिताला रोजचे दोन तास लागतात आणि ते दोन तास तुझ्याकडे डिसेंबरमध्ये नव्हतेच. हे आपल्याला ऑक्टोबरमध्ये कळायला हवं होतं. एम-टू उन्हाळी परीक्षेत सुटला, माल उतरल्यावर, नीट अभ्यास करून. टीईला जाताना एफई पूर्ण सुटलेलं लागतं, ती टांगती तलवार तिथेच संपली.

सीसाठी तिने फवारणीच्या वहीचाच उपयोग केला. वहीत तारीख, औषध, मात्रा, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, असे रकाने असतात. निर्यातीच्या मालाला ते दिवस पाळावेच लागतात. तिने सीमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका स्ट्रक्चरमध्ये एक फवारणी, आणि काढणीची तारीख दिली की कोणत्या औषधाचे दिवस अजून भरलेले नाहीत त्याची यादी. मेमध्ये तो दाखवायला ती कॉलेजात आली. कोड ओबडधोबड होता, पण पॉइंटर तिला कळले होते.

परत येताना

1 मेचं पत्र ठरल्याप्रमाणे आलं, अण्णांच्या सहीने. भाच्याने खरड छाटणी करून घेतली होती.

जुलै 2025 मध्ये प्रवेशाला गेली तेव्हा विद्यार्थी विभागात माणसं बदललेली होती आणि संगणकावर तिच्या नावापुढे प्रवेश रद्द असा शेरा होता. आवक शिक्क्याची प्रत आणि प्राचार्यांचं पत्र तिच्या फाईलमध्ये होतं. ते पुढे केल्यावर अर्ध्या तासात शेरा निघाला. ते नसतं तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही. प्रवेशाच्या वेळी दिलेली आधीच्या कॉलेजची मूळ टीसी आमच्या कॉलेजातच होती, हेही कामी आलं. नोटरीकडे केलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र महाडीबीटीच्या अर्जाला जोडलं. तिथे गॅप आहे का हा प्रश्न असतो आणि पुरावा अपलोड करावा लागतो. शुल्कमाफी लागू झाली. पीआरएन जुनाच राहिला, एफईचे क्रेडिट जुन्या पॅटर्नचे धरून एसईपासून ती नव्या पॅटर्नमध्ये आली.

वर्गात पहिले दोन महिने अवघड गेले. तिच्या मैत्रिणी टीईला, आणि नव्या वर्गात सगळ्यांना वाटलं ही वायडी. तिने एकदाच सगळ्यांना सांगून टाकलं की मी द्राक्षं काढायला थांबले होते, आणि मार्चमध्ये आणते तुमच्यासाठी. पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय सुटले. गुण मध्यम आहेत. ओपन इलेक्टिव्ह आणि मायनर ही नवी भानगड समजायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण नव्या एफईच्या मुलांसारखी त्याची ओळख तिला आधी झालेली नव्हती.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पॅटर्न आधी विचारेन. विद्यार्थ्याची तुकडी कोणत्या पॅटर्नची आहे, आणि परतीच्या वर्षी तो वर्ग कोणत्या पॅटर्नचा असेल, हे अर्ज लिहायच्या आधी कागदावर मांडेन. "त्या वेळच्या नियमांनुसार" असं वाक्य उत्तरात आलं तर त्याचा अर्थ लगेच कार्यालयाला विचारेन.

मधल्या वर्षातल्या परीक्षा घरच्या कामाच्या दिनदर्शिकेशी जुळवून घेईन. सायलीच्या बाबतीत हिवाळ्यात फक्त मेकॅनिक्स ठेवायला हवा होता. आजारपणामुळे थांबणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर पहिली परीक्षा सोडून द्यावी असंच मी सुचवेन. डॉक्टरांनी दिलेली बरं होण्याची मुदत आणि परीक्षेची तारीख यांत निदान दोन महिने असावेत.

खंडावर गेलेल्या मुलाला हजेरीपटावर नाव नसलं तरी वर्गाच्या ग्रुपमध्ये ठेवण्याची जबाबदारी आता मी स्वतः घेते. या वर्षी माझ्या गटात असा एक मुलगा आहे. आईच्या आजारपणामुळे थांबला आहे, सातपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली आहे.